पाचशेच्या खोलीत तेराशे चाळीस

"वेबिनारला माणसं किती बसतात?" साहेबांनी मला विचारलं.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या त्या कंपनीत मला लागून पाच महिने झाले होते. आम्ही गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवायचो आणि त्यातले बरेचसे आसपासच्या छोट्या वर्कशॉपांकडून करून घ्यायचो. या वर्कशॉपांना ऑफिसात व्हेंडर म्हणतात. त्यांच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्या विभागाचे प्रमुख म्हणजे साहेब आणि त्यांच्या हाताखाली मी. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. त्यामुळे साहेबांनी काहीही विचारलं तरी मला तो परीक्षेतला प्रश्न वाटायचा आणि उत्तर पूर्ण वाक्यात द्यावंसं वाटायचं.

"सर, ते आपण कोणता प्लॅन घेतो त्यावर अवलंबून आहे," मी म्हणालो. "शंभरचा आहे, पाचशेचा आहे आणि हजारचा आहे."

"मग वाचून सांग."

मी अटी तीनदा वाचल्या, ओळींखाली पट्टी ठेवून. राजगुरुनगरच्या शाळेत आम्हाला असंच वाचायला शिकवलं होतं. तिसऱ्यांदा वाचल्यावर मर्म कळलं. मर्यादा नोंदणीवर नसते, एका वेळी आत किती जण आहेत यावर असते. नावं दोन हजार नोंदवा, कोणी अडवत नाही. पण पाचशेचं लायसन्स असेल तर आत पाचशेच. पाचशे एकावा आला की त्याच्या स्क्रीनवर जागा भरल्याचा निरोप येतो आणि आतला कोणी बाहेर पडेपर्यंत त्याला वाट बघावी लागते. वक्ते आणि कार्यक्रम चालवणारा या पाचशेत धरत नाहीत. त्यांना वेगळी लिंक जाते, त्यांचा कॅमेरा आणि माइक चालू होऊ शकतो. बाकीचे फक्त बघतात आणि ऐकतात.

साहेबांनी मान डोलावली. "आपले व्हेंडर दोनशे बारा. घरटी दोन धरले तरी सव्वाचारशे. पाचशेचा घे. खुर्च्या रिकाम्याच राहतील."

"सर, नोंदणीला मर्यादा घालता येते. किंवा प्रत्येक नाव आपण मंजूर केल्याशिवाय लिंक जाणार नाही, असंही करता येतं. घालू?"

"कशाला? उगाच कोणाला वाईट वाटायला नको."

विषय साधा होता. पहिल्या तारखेपासून मालाच्या प्रत्येक पेटीवर नवं लेबल लावायचं, चौकोनी कोड असलेलं. ते कुठे आणि कसं चिकटवायचं, हे क्वालिटीच्या मॅडम तासाभरात दाखवणार होत्या. ज्या व्हेंडरचा माणूस किमान पंचेचाळीस मिनिटं हजर असेल तो प्रशिक्षित. त्याचं नाव गेटवरच्या यादीत.

प्रशिक्षणाचे नियम आणि उपस्थितीचा फॉर्म मी बनवला. निमंत्रणाचा मजकूरही मीच लिहिला. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: 'ज्यांची उपस्थिती नोंदली जाणार नाही, त्यांचा माल पहिल्या तारखेपासून गेटवर थांबवण्यात येईल.' सगळा घोळ या वाक्याने केला. मी लिहिताना मालकांचा विचार केला होता. पण गेटवर मालक कुठे थांबतो? गेटवर थांबतो टेम्पोवाला. उन्हात, डिझेलच्या वासात, हातात मालाचं चलन घेऊन, तास तास. ते वाक्य टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर गेलं आणि त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला, की वेबिनार आपल्यासाठी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नोंदणीचा आकडा बघितला. तेराशे चाळीस.

मी यादी वाचायला घेतली. आडनावाच्या रकान्यात गाड्यांचे नंबर होते. एका वर्कशॉपमधून मालक, मालकीण, सुपरवायझर, दोन ड्रायव्हर आणि 'बदली ड्रायव्हर' अशी सहा नावं होती. मालकीण असणं योग्यच होतं, कारण बऱ्याच फर्म घरातल्या बाईच्याच नावावर असतात. 'आपल्याला काही विचारायचे आहे का?' या रकान्यात एकाने लिहिलं होतं, 'गाडी कुठं लावायची?'

मी साहेबांकडे पळालो. "सर, नोंदणी तेराशे चाळीस आणि लायसन्स पाचशेचं."

साहेब खुर्चीतून उठले. माझ्याशी न बोलता ते थेट वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडे गेले. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा चेहरा उजळला होता.

"मोठे साहेब खूश झाले. तेराशे चाळीस! त्यांनी लगेच ग्राहक कंपनीला कळवलं. आता हा आकडा कमी होता कामा नये."

"सर, पण आत पाचशेच मावतील. ड्रायव्हर मंडळींची नोंदणी रद्द करू. त्यांना तसा मेल जाईल."

"आकडा कमी होईल."

"मग दोन सत्रं घेऊ?"

"मॅडमकडे एकच तास आहे. आणि अर्धा अर्धा केला तर आकडा अर्धा दिसेल."

"खुल्या वाहिनीवर थेट दाखवू?"

"लेबलावर ग्राहकाचे पार्ट नंबर आहेत. आयटीवाले नाही म्हणतील." साहेबांनी मला समजावल्यासारखं सांगितलं, "हे बघ, बोलावलेल्यांपैकी निम्मे येत नाहीत. लग्नाचं आठव."

"निम्मे म्हणजे सहाशे सत्तर, सर."

साहेबांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "मग हजारचा घे."

हजारचा प्लॅन घेणं सोपं होतं. चालू प्लॅन वाढवायचा, बटण दाबायचं, पाच मिनिटांचं काम. पण ते बटण खरेदी विभागात होतं आणि खरेदी विभागातल्या गृहस्थांची नोकरी माझ्या वयापेक्षा जुनी होती.

"तीन कोटेशन लागतील," ते म्हणाले.

"भाऊ, पण आपण आहे तेच लायसन्स वाढवतोय. ते एकाच कंपनीचं आहे."

"मग त्याच कंपनीच्या तीन डीलरांची आण."

ती मी आणली. त्यांनी चष्मा पुसला. "आता डिलिव्हरी. माल गेटवर कधी येणार?"

"माल नाही भाऊ. ईमेल येतो. त्यात सगळं असतं."

"ईमेलला गेट एंट्री होते का?"

"नाही."

"गेट एंट्री नाही तर इनवर्ड नाही. इनवर्ड नाही तर माल आला असं मी कसं म्हणू? उद्या ऑडिटवाला विचारेल, हजार माणसांची जागा कुठं ठेवलीय, दाखवा. काय दाखवू त्याला? तुझा फोन?"

शेवटी असं ठरलं, की डीलरने लायसन्स कागदावर छापून, पाकिटात घालून, चलनासह गेटवर आणून द्यावं. त्याची इनवर्ड झाली की मग बटण. डीलर म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. वेबिनार या गुरुवारी होता.

गुरुवार साहेबांनी मुद्दाम निवडला होता. आमच्याकडच्या बऱ्याच वर्कशॉपांना त्या दिवशी सुट्टी असते, त्यामुळे कोणाच्या कामाचा खोळंबा नको. तो विचार चांगलाच होता. पण त्याचा अर्थ असा झाला, की तेराशे चाळीस माणसांना त्या दिवशी दुसरा काही उद्योगच नव्हता.

या तेराशे चाळिसात एक नाव असं होतं, ज्याच्यासाठी मला खरी काळजी वाटत होती.

कॉलेजची तीन वर्षं मी निघोज्यात एका काकांच्या प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायच्या वर्कशॉपच्या, माळ्यावर राहिलो. नात्याने ते माझे कोणी नव्हते. वडिलांची त्यांची एका लग्नात ओळख झाली होती, तेवढीच. खाली दोन प्रेस दणदण चालायच्या आणि वर मी अकाउंट्स पाठ करायचो. भाड्याचा विषय काकांनी एकदाही काढला नाही. "तू आमची चलनं लिहीत जा, माझं अक्षर कावळ्यागत हाय," एवढंच म्हणाले. काकी रोज एक भाकरी जास्त टाकायच्या आणि चुकून झाली म्हणायच्या. माझा निकाल लागला त्या दिवशी काकांनी दुपारच्या आधी दोन्ही प्रेस बंद केल्या होत्या.

काका आमच्या कंपनीचे सगळ्यात लहान व्हेंडर. एकच पार्ट, एकच गिऱ्हाईक आणि ते म्हणजे आम्ही. टेम्पो त्यांचा, ड्रायव्हरही तेच. दोन दिवस माल गेटवर थांबला असता तर तो पार्ट दुसऱ्याकडे गेला असता आणि मग परत आला नसता. मी आदल्या संध्याकाळी त्यांना फोन केला.

"काका, अकराचं आहे, पण साडेदहालाच आत जाऊन बसा. गर्दी आहे."

"व्हय व्हय. म्हशीचं आटपलं की बसतो."

गुरुवारी मी सव्वादहाला वेबिनारचं दार उघडलं. वीस मिनिटांत आत चारशे सत्तर. दहा पंचेचाळीसला पाचशे. पंधरा मिनिटं आधीच खोली भरली होती. मी नावं बघितली. जवळपास निम्मे गाड्यांचे नंबर. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेम्पोवाल्याला सवयच ती आहे. गेट आठला उघडत असेल तर तो साडेसहाला येऊन नंबर लावतो. मालक मात्र अकराचं असेल तर अकरालाच येतो.

दहा पन्नासपासून फोन सुरू झाले. "जागा भरलीय म्हणतंय." "आमचा बदली ड्रायव्हर आत आणि मी बाहेर, हे काय राव?" त्यावर मी ड्रायव्हरची उपस्थिती तुमच्याच फर्मच्या नावावर लागेल असं सांगितलं. पण ज्यांचं आत कोणीच नव्हतं त्यांचं काय? अशा एकोणचाळीस फर्म मी पेन्सिलीने टिपल्या.

दहा पंचावन्नला काकांचा फोन आला.

"आत घेत न्हाई रं, लेका."

"काका, साडेदहाला सांगितलं होतं ना!"

"म्हशीनं बादली लाथाडली. आता काय करू? पाच-सात बारी दाबलं. जागा न्हाई म्हणतंय. आपलं गेट बंद व्हणार का?"

पुढे मी जे केलं ते बरोबर नव्हतं. इतकी वर्षं मी रांग मोडलेली नाही. पण अटी मी तीनदा वाचल्या होत्या आणि वक्ते पाचशेत धरत नाहीत हे मला पाठ होतं. मी काकांचं नाव वक्त्यांच्या यादीत घातलं आणि लिंक पाठवली. बाकीच्या एकोणचाळीस फर्म पेन्सिलीतच राहिल्या.

"काका, या लिंकवर या. फक्त कॅमेरा बंद ठेवा आणि माइक बंद ठेवा. काही बोलू नका."

"न्हाई बोलत."

अकराला मॅडमनी सुरुवात केली. पडद्यावर मॅडम, त्यांच्या शेजारी साहेब आणि साहेबांच्या शेजारच्या चौकटीत बनियन घातलेले काका. मागे गोठा. म्हैस सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

साहेबांचा निरोप आला: 'हे कोण?'

मी लिहिलं: 'व्हेंडर प्रतिनिधी, सर.'

'आणि मागे?'

मी काकांचा माइक बंद करायला गेलो, तेवढ्यात ते बोलले.

"मॅडम, नमस्कार. एक इचारू का?"

मॅडम थबकल्या. "हो, विचारा ना."

"ह्ये जे ड्रायव्हर लोक आत बसल्याती, त्यास्नी लेबल नसलं तर गेटवर तुमी अडवणार का माल अडवणार?"

"ड्रायव्हरचा यात काय संबंध? फर्मचा एक माणूस प्रशिक्षित असला की झालं."

"आसं व्हय!" काका एकदम कॅमेऱ्याच्या जवळ आले. पाचशे स्क्रीनवर त्यांच्या मिशा पसरल्या. "ऐकलं का रं, भावांनो? ज्याचा मालक आत हाय त्यानं उतरा खाली. आनि ज्याचा मालक बाहेर हाय त्यानं बी उतरा, फकस्त मालकाला फोन करून उतरा. मान्सं बाहेर ताटकळल्याती. मी सोता टेम्पोवाला हाय, म्हनून सांगतोय. उतरा!"

गेटवर पुढचा टेम्पो अडला की मागून कोणीतरी असंच ओरडतं आणि सगळे ऐकतात. इथेही ऐकलं. आकडा हलू लागला. चारशे ऐंशी. चारशे दहा. तीनशे पंचवीस.

माझा फोन वाजला. साहेब कुजबुजत होते, कारण त्यांचा स्वतःचा माइक चालू होता. "अरे, माणसं पळतायत! मोठे साहेब बघतायत वरून! काहीतरी कर!"

"सर, जागा रिकामी होतेय. मालक येतील."

"दोनशे साठ! दोनशे साठ झाले! माझी इज्जत—"

दोनशे एकतीसला आकडा थांबला. मग एक, दोन, पाच, वीस असा वर चढायला लागला. अकरा वाजून नऊ मिनिटांनी चारशे अठ्ठावीस. मी पेन्सिलीने टिपलेल्या एकोणचाळीस फर्मांवर एकेक करून रेघ मारत गेलो. सव्वाअकराला सगळ्यांवर रेघ होती. मला पेन्सिल खाली ठेवताना रडायला येत होतं, ते मी खोकल्यात काढलं. मॅडमनी दहा मिनिटं जास्त घेतली, त्यामुळे सगळ्यांची पंचेचाळीस मिनिटं भरली. म्हैस शेवटपर्यंत हजर होती.

संध्याकाळी उपस्थितीचा अहवाल काढून मी फर्म जुळवल्या आणि गेटला यादी पाठवली. मोठ्या समाधानाने पाठवली. दोनशे अकरा फर्म. दोनशे बारा का नाहीत, हे बघायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

पहिल्या तारखेला सकाळी काकांचा फोन. "गेटवर हाय. यादीत न्हाई म्हणत्यात."

मी धावत गेलो. रांगेत पहिला काकांचा टेम्पो, मागे पंचवीस टेम्पो हॉर्न वाजवत. गेटवरच्या सुरक्षारक्षकाच्या हातात माझीच यादी होती. मग मला कळलं. अहवालात श्रोत्यांचं पान वेगळं आणि वक्त्यांचं वेगळं. मी श्रोत्यांचं पान जुळवलं होतं. काका वक्त्यांच्या पानावर होते.

"भाऊ, हे होते वेबिनारला," मी म्हणालो. "सगळ्यांनी बघितलंय."

"बघितलं की. मीपण बघितलं. म्हैस चांगली होती," रक्षक म्हणाला. "पण यादीत नाही."

तेवढ्यात साहेब गाडीतून उतरले. मी त्यांना सांगितलं.

"वक्त्यांना प्रशिक्षित धरता येत नाही," साहेब म्हणाले. "नियमात श्रोता असंच लिहिलंय. तूच लिहिलंयस."

"सर, मग मॅडमसुद्धा प्रशिक्षित नाहीत. त्यासुद्धा यादीत नाहीत."

साहेबांनी रक्षकाला विचारलं, "मॅडमना आज आत सोडलं?"

"सोडलं, साहेब."

"कशाच्या आधारावर?"

"त्यांना कार्ड आहे."

मागचे हॉर्न वाढले. काका टेम्पोच्या दारातून डोकं काढून शांतपणे बघत होते. मला त्यांच्या डोळ्यांत राग दिसला नाही, हेच मला सहन होईना. मी मनात माझा सगळा फॉर्म परत वाचला, पट्टी ठेवून. आणि शेवटची ओळ आठवली.

"सर, फॉर्मवर एक रकाना आहे. 'प्रशिक्षक: प्रशिक्षणातून मुक्त.' तो मी मॅडमसाठी ठेवला होता. वक्त्यांच्या पानावर ज्यांचं नाव आहे ते सगळे त्यात बसतात. कायमचे."

साहेबांनी वक्त्यांचं पान माझ्या फोनवर बघितलं. मॅडमचं नाव, त्याखाली साहेबांचं, त्याखाली काकांचं. तिघांत भेद करायला त्यांना जागाच नव्हती. "लिही," ते रक्षकाला म्हणाले.

रक्षकाने रजिस्टरमध्ये लिहिलं: 'टेम्पो एक. आत प्रशिक्षक.' आणि गेटचा दांडा वर केला.

काका मात्र आत गेले नाहीत. टेम्पो बाजूला घेऊन खाली उतरले. मागच्या टेम्पोंमधल्या पेट्यांवर लेबलं काही उलटी लागली होती, काही झाकणावर. कशी लागणार? लेबल दाखवण्याआधीच त्या ड्रायव्हरांना काकांनी खाली उतरवलं होतं आणि सुट्टीनंतर घाईत लेबलं चिकटवली होती त्यांनीच. काका एकेका टेम्पोपाशी गेले. "हितं न्हाई रं. डाव्या अंगाला, कडंपासून चार बोटं सोडून. आनि दाबून लाव, प्रेसवानी." मॅडम खिडकीतून बघत होत्या. पुढे दोन-तीनदा त्यांनी काकांना खरंच प्रशिक्षण द्यायला बोलावलं.

रांगेत सगळ्यात शेवटी एक मोटरसायकलवाला उभा होता. हातात पाकीट. लायसन्सचा डीलर.

"पाकिटावर लेबल कुठंय?" रक्षकाने विचारलं.

"यात लायसन्स आहे, भाऊ. हजार माणसांचं."

"पहिल्या तारखेपासून लेबलाशिवाय काही आत नाही. वेबिनारला होता का?"

"आधीचं पाचशेचं लायसन्सही माझंच, त्यावरच झाला तो!"

"यादीत नाव?"

डीलरने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. खरेदी विभागाचे गृहस्थ इनवर्डचं रजिस्टर घेऊन दांड्याच्या आतल्या बाजूला वाट बघत उभे होते आणि दोघांच्या मधे जेमतेम चार फुटांचं अंतर होतं.

काका हात पुसत आले. "काय अडचण हाय ह्यांची?"

"काका, यांना प्रशिक्षण पाहिजे," मी म्हणालो.

काकांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, वजन अजमावलं. मग डीलरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला टेम्पोच्या सावलीत घेऊन गेले.

"बसा," ते म्हणाले. "पंचेचाळीस मिनिटं लागतील."